अडीच मिनिटांचा ड्रम सोलो: फोंड्यातल्या सरावाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर

काल रात्री हॉलमध्ये आमच्या बँडचा कार्यक्रम झाला आणि मी पहिल्यांदा पूर्ण लांबीचा ड्रम सोलो वाजवला. सहा मिनिटं चाळीस सेकंद. मावसभावाने हॉलच्या शेवटच्या खुर्चीवरून फोनवर चित्रण केलं. ते आज तीनदा पाहिलं. या नोंदी तेव्हाच ठेवायच्या ठरवल्या, कारण सोलो कसा वाजवायचा हे दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण लोक नेमके कधी आणि का उठून जातात हे कोणी सांगत नाही.

चित्रणात दिसलं ते असं. पहिलं मिनिट सगळे पाहत होते. सव्वा मिनिटाच्या सुमारास मी टॉम या ड्रमांवरून जलद फिरायला लागलो आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी फोन काढले. दुसऱ्या मिनिटाला मागचं दार उघडलं, ते पुढे उघडंच राहिलं. चौथ्या मिनिटाला मी सगळ्यात अवघड भाग वाजवत होतो, ज्यावर मी ऑगस्टभर घाम गाळला होता, आणि तेव्हा हॉलमध्ये गप्पांचा आवाज माझ्या स्नेअर ड्रमइतका ऐकू येतो. पाचव्या मिनिटाला दम लागला म्हणून मी हात थांबवले आणि फक्त किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, चार मात्रा धरून राहिलो. त्या क्षणी टाळ्या सुरू झाल्या. सोलोला दाद म्हणून नव्हे, किकच्या ठोक्यांबरोबर. वीस सेकंदांनी मी पुन्हा जलद सुरू केलं आणि त्या टाळ्या मोडल्या.

आणखी एक गोष्ट. त्या हॉलला पत्र्याचं छप्पर आहे, आवाज घुमतो. मी मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत मात्रेला चार आघात वाजवत होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास अकरा. चित्रणात ते आघात वेगळे ऐकूच येत नाहीत, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा एकसलग गडगडाट येतो. माझ्या कानाला स्टूलवर प्रत्येक आघात स्वच्छ होता. शेवटच्या खुर्चीवर त्यातलं काही पोचलं नाही.

२२ ऑक्टोबर

मामांना चित्रण ऐकवलं. मामा देवळात तीस वर्षं भजनाला पखवाज वाजवतात. रॉक त्यांनी माझ्यामुळेच ऐकलं, तेही थोडं. पूर्ण सहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "यात सम कुठे आहे?" सम म्हणजे ठेक्याच्या प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा.

मी म्हटलं, "मामा, माझ्या डोक्यात चालू आहे ती."

"तुझ्या डोक्यात असून मला काय उपयोग? मी स्वतंत्र वादन करतो तेव्हा पेटीवाला लेहरा धरतो. तीच ओळ पुन्हा पुन्हा. मी कुठेही भटकलो तरी ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की घर कुठे आहे. तुझा पेटीवाला कुठे गेला?"

माझा पेटीवाला म्हणजे बाकीचा बँड, आणि तो स्टेजवरून खाली उतरला होता. रॉकमध्ये सोलोला सगळे निघून जातात, तो रिवाजच आहे. आमच्याकडे त्याला कारणही आहे: गिटारवाला पुढच्या गाण्यासाठी दुसऱ्या सुरात लावलेली गिटार घेतो आणि गाणारी पाणी पिते. पण ते उतरले की लेहराही त्यांच्याबरोबर उतरतो, आणि समोरच्या माणसाकडे मोजायला काहीच उरत नाही. ज्याला ड्रम वाजवता येतात तो आतल्या आत मोजत राहतो आणि त्याला मजा येते. बाकीच्यांना फक्त आवाज ऐकू येतो. काही लोक सोलोवर जीव टाकतात आणि काही त्याच वेळी बिअर आणायला जातात, यातला बराचसा फरक मला आता इथेच दिसतो.

बासवाल्याला थांबवून एक ओळ धरायला लावता येईल का, ते करून पाहिलं. चाललं, पण मग ते बास आणि ड्रमचं गाणं होतं आणि मी नकळत त्याला साथ करायला लागतो. सोलो राहत नाही. लेहरा मलाच धरायला हवा, आणि हात मोकळे हवेत. उरले पाय.

२६ ऑक्टोबर

जुनी रेकॉर्डिंग या एकाच कानाने पुन्हा ऐकली: खाली काय चालू आहे?

बीटल्सच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत रिंगो स्टारचा सोलो एकच, १९६९ च्या 'द एंड'मधला. त्याला सोलो आवडत नसत. तो जेमतेम पंधरा सेकंदांचा आहे आणि त्यात किक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी चालते. हात टॉमवर फिरतात, पण पायाचा ठेका हलत नाही. ड्रम न वाजवणारा माणूसही तो तोंडाने म्हणून दाखवतो.

मॅक्स रोच जॅझचा ड्रमर, पण रॉकवाल्यांनी त्याच्याकडून घेतलेली गोष्ट हीच. १९६६ ची 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ही रचना पूर्ण एकट्या ड्रमवर आहे. पायांत तीन मात्रा: पहिलीवर किक, दुसरी-तिसरीवर हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी. धप् चिक चिक, धप् चिक चिक. वर हात बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. हात थांबले तरी काही रिकामं वाटत नाही. रश बँडचा नील पिअर्ट हाच पायांचा ठेका आपल्या मोठ्या सोलोंमध्ये वाजवायचा. त्याच पिअर्टने २०१२ च्या दौऱ्यात एक लांब सोलो सोडून कार्यक्रमभर तीन छोटे सोलो वाटून वाजवले. ज्याच्या सोलोसाठीच लोक तिकीट काढायचे त्यानेही लांबी कमी केली, तेव्हा माझ्या सहा मिनिटांचा हट्ट मी सोडला.

लेड झेपलिनचा जॉन बोनम 'मोबी डिक'मध्ये स्टेजवर वीस-वीस मिनिटं वाजवायचा, हे मला माहीत आहे. पण ते गिटारच्या एका ठसठशीत ओळीने सुरू होतं आणि त्याच ओळीने संपतं. मधे तो काठ्या ठेवून नुसत्या हातांनी वाजवायचा, म्हणजे आवाजाचा पोतच बदलायचा. मधला हा बदल मला हवा आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळीत सराव झाला नाही. त्याआधी आणि नंतर मिळून आठ दिवस फक्त पाय. सराव खोलीचे तासाला ३५० रुपये, म्हणून निम्मा सराव घरी उशीवर किकचं पॅडल आणि शेजारी हाय-हॅट ठेवून केला.

रोचचा तीन मात्रांचा ठेका घेतला. एकटे पाय ९० च्या लयीत दहा मिनिटं नीट चालतात. त्यावर उजव्या हाताने प्रत्येक मात्रेवर एक आघात, तेही चालतं. हात मात्रेचे तीन भाग करायला लागले की डावा पाय त्यांच्यामागे पळतो आणि हाय-हॅट मात्रेच्या आधी पडते. वाजवताना हे मला कळलंच नाही. फोन हाय-हॅटजवळ जमिनीवर ठेवून रेकॉर्ड केलं तेव्हा कळलं. हे करणाऱ्यांनी रेकॉर्डिंग पायाजवळच करावं, समोरून केलं तर हातांचा आवाज सगळं झाकून टाकतो.

उपाय साधा आणि कंटाळवाणा होता. हातांचा तुकडा एक आवर्तन वाजवायचा, पुढचं आवर्तन हात मांडीवर ठेवून फक्त पाय ऐकायचे, मग पुन्हा तुकडा. मेट्रोनोम फक्त पहिल्या मात्रेवर वाजेल असा लावला. सहाव्या दिवशी डावा पाय थांबला, म्हणजे पळायचा थांबला. पोटरीचा स्नायू दोन दिवस दुखत होता. टाच सतत वर धरून ठेवत होतो, ती प्रत्येक 'चिक'नंतर टेकवायला लागल्यावर दुखणं गेलं.

९ नोव्हेंबर

बँडबरोबर पहिला प्रयत्न फसला. आमचं गाणं चार मात्रांचं, लय १०४. सोलो तीन मात्रांचा. गाण्यातून सोलोत जाताना ठीक, पण परत येताना चौघांची चार मतं. खोलीत बसलेल्या मित्रांनी टाळ्या धरल्या होत्या, त्या चारच्या होत्या, आणि मी तीनमध्ये शिरताच त्या विस्कटल्या. लेहरा बदलला की घरही बदललं.

आता पायांत मुख्य ठेका चारचा ठेवला: पहिल्या मात्रेवर किक, दुसरी आणि चौथीवर हाय-हॅट, तिसरी मोकळी. ज्या दोन मात्रांवर लोक आपोआप टाळी देतात तिथेच 'चिक' पडते. तीनचा ठेका पूर्ण टाकवला नाही. आपल्याकडे लग्नात वॉल्ट्झ नाचणारी माणसं समोर असतात, तो डौल त्यांच्या अंगात आहे. म्हणून मधे तीनची आठ आवर्तनं ठेवली. त्या चोवीस मात्रा, म्हणजे चारची बरोबर सहा आवर्तनं. मात्रेची लय तीच राहते, त्यामुळे चोवीस संपल्या की मी चारच्या समेवरच उभा असतो आणि कोणाला काही सांगावं लागत नाही.

१३ नोव्हेंबर

मधल्या शांत भागासाठी घुमट. विचार बोनमच्या हातांवरून आला, पण नुसत्या हातांनी टॉम वाजवून पाहिले तर माझे टॉम गप्प राहतात, प्लॅस्टिकच्या पडद्यावर बोटांचा आवाज पोचत नाही. घुमट हातानेच वाजवायचं वाद्य. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर, डावा हात उघडं तोंड झाकतो-उघडतो आणि आवाज वर-खाली होतो. स्टूलवर बसून डाव्या बगलेत धरलं तर पाय मोकळेच राहतात. म्हणजे खाली धप्-चिक चालू आणि वर घुमट. चवथीच्या आरतीत लहानपणापासून वाजवत आलोय, त्यामुळे हात बसवावा लागला नाही.

माझं घुमट बकरीच्या चामड्याचं आहे. पूर्वी घोरपडीचं लावत, ते वन्यजीव कायद्याने बंद आहे. कोणी जुनं घोरपडीचं देऊ केलं तरी घेऊ नका. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हटलं, त्यानंतर बकरीच्या चामड्याची घुमटं सहज मिळायला लागली आहेत. माझं ९०० रुपयांना मिळालं.

अडचण काठ्या ठेवून घुमट उचलण्याची. पहिल्यांदा अकरा सेकंद लागले आणि पाय दोनदा अडखळले. आता घुमट फ्लोअर टॉमच्या उजवीकडे कापडी चुंबळीवर ठेवतो. चार आवर्तनं फक्त पाय, तेवढ्यात उचलतो. १०४ च्या लयीत चार आवर्तनं म्हणजे सव्वानऊ सेकंद. घाई होत नाही. सरावाला आलेल्यांनी नेमक्या याच सव्वानऊ सेकंदांत टाळ्या धरल्या.

२४ नोव्हेंबर

काल छोट्या कार्यक्रमात चाचणी. पायांचं काम जमलं, कोणी उठलं नाही. पण दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली साउंडची. मी फ्लोअर टॉमवर हळू सुरुवात केली आणि बाहेर काहीच ऐकू आलं नाही. टॉमच्या माइकांवर साउंडवाल्याने गेट लावलं होतं. ठरावीक पातळीखालचा आवाज ते बंद करतं, म्हणजे गाण्याच्या वेळी शेजारच्या झांजा टॉमच्या माइकातून येत नाहीत. गाण्यात ते बरोबरच आहे. सोलोतले हळू आघात मात्र ते गिळतं, आणि मधेच एखादा जोराचा आघात दार उघडून आत येतो. मला स्टेजवर सगळं ऐकू येत होतं, म्हणून कळलं नाही. चूक माझी, मी त्याला आधी सांगितलंच नव्हतं. आता कागदावर लिहून देणार: सोलो सुरू होताच टॉमची गेटं उघडी, घुमटाचा माइक चालू, सोलो संपताच उलट. घुमटाचा माइक उघड्या तोंडासमोर धरला तर नुसता हवेचा घुमारा येतो आणि स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर शिट्टी मारतो. चामड्याच्या बाजूने वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवला तेव्हा स्वच्छ आला.

दुसरी गोष्ट शेवटाची. मी मान हलवून इशारा करतो आणि बँड येतो, असं ठरलं होतं. गिटारवाला पेडलांकडे पाहत होता. तो अर्धं आवर्तन उशिरा आला, बासवाला वेळेवर, आणि इतकं जमून आलेलं तिथे सांडलं.

२७ नोव्हेंबर

मामांकडे पुन्हा. इशाऱ्याऐवजी तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात बरोबर समेवर. ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदाच कळतं की आता येणार. मान पाहावी लागत नाही.

हिशेब असा केला. दोन आवर्तनं, मात्रेला चार आघात, म्हणजे बत्तीस जागा, आणि सम धरून तेहतीस. तुकडा नऊ जागांचा, मधे तीन जागा गप्प. नऊ त्रिक सत्तावीस, अधिक दोन वेळा तीन, तेहतीस. मामांनी बोल दिला: धाऽ तिरकिट तक धा. ड्रमवर पहिला 'धा' स्नेअर आणि किक, 'तिरकिट तक' दोन्ही हातांनी स्नेअरवर, शेवटचा 'धा' फ्लोअर टॉम.

सरावात गिटारवाला दुसऱ्या तुकड्याच्या शेवटच्या 'धा'वरच आला. दोनदा. रागावण्यात अर्थ नव्हता, त्याच्या कानाने बरोबरच ऐकलं होतं. मोजून पाहिलं तर पहिल्या तुकड्याचा शेवटचा 'धा' नवव्या जागी, म्हणजे तिसऱ्या मात्रेवर पडतो. दुसरा एकविसाव्या जागी, पुढच्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेवर. तिसरा समेवर. तिन्ही स्वच्छ मात्रेवर पडतात, म्हणून दुसराही सम वाटतो. पण यातच सोपा मार्गही निघाला. तीन, दोन, एक. सगळ्यांना तेवढंच सांगितलं: माझे शेवटचे 'धा' आधी तिसऱ्या मात्रेवर, मग दुसऱ्या, मग पहिल्या, पहिल्यावर या. शिवाय आधीचे दोन 'धा' फ्लोअर टॉमवरच ठेवले, क्रॅश झांज आणि किक फक्त तिसऱ्यावर. त्यानंतर पंधरा वेळा केलं, पंधराही वेळा चौघे एकत्र.

८ डिसेंबर

पूर्ण आराखडा पक्का. सोळा आवर्तनं फ्लोअर टॉमवर एकच ओळ, जी गुणगुणता येईल अशी, थोडी थोडी बदलत. मग घुमटाची चोवीस: चार उचलायला, सोळा वाजवायला, चार ठेवायला. मग तीनचा डौल, चारच्या हिशेबाने सहा. मग सोळा आवर्तनं चढत. चढताना वेग वाढवत नाही, १०४ च राहतो, फक्त आघात दाट होतात आणि झांजा येतात. शेवटी दोन आवर्तनांची तिहाई. एकूण चौसष्ट, म्हणजे दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद.

चढणीतला सगळ्यात अवघड तुकडा काढून टाकला. तो ऑगस्टमधलाच होता. वाईट वाटलं. पण तो वाजवताना माझ्या पायांचा ठेका पातळ होतो, हे रेकॉर्डिंगमध्ये चार वेळा दिसलं.

२१ डिसेंबर

काल म्हापशाजवळच्या मैदानात मुख्य कार्यक्रम. आमच्या आधीचे दोघे उशिरा संपले आणि उघड्यावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावेच लागतात, म्हणून आमच्या वाट्याची तीन गाणी गेली. सोलो अडीच मिनिटांचा असल्यामुळे राहिला. सहा मिनिटांचा असता तर मीच तो काढला असता.

संध्याकाळी दव पडायला लागलं आणि घुमटाचं चामडं सैल झालं, आवाज ओल्या पोत्यासारखा. खाण्याच्या गाड्यावरच्या निखाऱ्यांपासून हातभर लांब धरून दहा मिनिटं फिरवत शेकलं. जवळ नेलं तर चामडं तडकतं. मग टॉवेलात गुंडाळून स्टूलखाली ठेवलं. सोलोपर्यंत अर्धा तास गेला, तेवढा वेळ सूर टिकला.

गेटचा कागद साउंडवाल्याने पाळला. पहिले हळू आघात मैदानात ऐकू गेले. घुमटाच्या आधीच्या चार आवर्तनांत टाळ्या सुरू झाल्या आणि घुमट उचलताच पुढच्या रांगेतून "घुमट, घुमट" असं ओरडणं आलं. टाळ्या घुमटाच्या सोळाही आवर्तनांत टिकल्या. तीनच्या डौलात त्या मोडल्या, पण बरेच लोक डोलायला लागले, आणि चारवर परतताच टाळ्या आपोआप पुन्हा जुळल्या. चढणीच्या दहाव्या आवर्तनात माझा डावा पाय पॅडलवरून घसरला, दोन 'चिक' गेल्या. टाळ्यांनी त्या भरून काढल्या. मी लोकांच्या टाळीवर परत पाय ठेवला.

तिहाईला गिटारवाला माझ्याकडे पाहतही नव्हता. ओठ हलत होते: तीन, दोन. तिसऱ्या 'धा'वर चौघे एकत्र आले.

मामा मागे खुर्चीवर होते. घरी येताना गाडीत म्हणाले, "घुमटाच्या वेळी तुझा डावा हात आळशी झाला होता. तोंड झाकत नव्हतास." चित्रण पाहिलं. खरं आहे, शेवटच्या सहा आवर्तनांत आवाज एकाच जागी अडकला आहे.

खर्च: सराव खोली २२ तास ७,७०० रुपये, घुमट ९००, काठ्यांच्या तीन जोड्या १,५००, फ्लोअर टॉमचा नवा पडदा १,९००. एकूण १२,०००. वाया गेलेला वेळ: ऑगस्टचा पूर्ण महिना आणि बासवाल्याच्या लेहऱ्याचे दोन दिवस.

उद्यापासून डाव्या हाताचं घुमट, पाय चालू ठेवून, रोज पंधरा मिनिटं. पॅडलवर सँडपेपरची पट्टी चिकटवली आहे.